फोन गेला, तरी खात्यातून पैसे कापले जातायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बंद लागतोय, सिमही ब्लॉक केलं. मग ओटीटीचे पैसे कापले कसे?

कारण ती परवानगी फोनमध्ये नव्हतीच. तुम्ही कधीतरी ॲपमध्ये ‘ऑटोपे’ला हो म्हणून पिन टाकला, तेव्हा तुमच्या बँकेत एक कायमस्वरूपी आदेश नोंदवला गेला: अमुक कंपनीने दर महिन्याला इतक्या रकमेपर्यंत मागणी केली तर पैसे द्या. त्या दिवसापासून व्यवहार कंपनी आणि बँक यांच्यात परस्पर होतो. फोन चालू आहे, चोराकडे आहे की खाडीत पडलाय, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून फोन दुरून लॉक केला, आतला डेटा पुसला, हरवलेले फोन अडवणाऱ्या सीईआयआर या सरकारी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय क्रमांक ब्लॉक केला, तरी हप्ते चालूच राहतात. या सगळ्या गोष्टी करायच्याच आहेत, पण त्यांनी ऑटोपे थांबत नाही.

एक गोष्ट मात्र फोनसोबत जाते, ती म्हणजे सूचना. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. त्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते. पण ही सूचना बहुतेक वेळा एसएमएसने किंवा ॲपच्या नोटिफिकेशनने येते, म्हणजे हरवलेल्या फोनवरच. एरवी जी सूचना पाहून तुम्ही वेळेत हप्ता रोखला असता, तीच नेमकी तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून बँकेला फोन कराल तेव्हा ईमेलवरही सूचना सुरू करायला सांगा. (फास्टॅगच्या आपोआप रिचार्जला ही २४ तासांची अट नाही, तिथे पैसे न कळवता जातात.)

आधी काय बंद करायचं? सिम, बँक की ऑटोपे?

आधी सिम. जुनी परवानगी महिन्याला दोनशे रुपये नेईल, पण तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवणारा माणूस नवी परवानगी देऊ शकतो. सिमला पिन लावलेला नसेल, तर फोनचं लॉक कितीही भक्कम असलं तरी तो सिम काढून वापरतो. तेव्हा घरातल्या कुणाच्याही फोनवरून मोबाइल कंपनीला फोन करून सिम बंद करून घ्या.

लगेच बँकेला फोन करून यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि फोनमध्ये साठवलेली कार्डं बंद करायला सांगा. फोन चोरीला गेला आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराची जबाबदारी बँकेची असते. नंतर वाद झालाच, तर ती लिहून ठेवलेली वेळ तुमच्या बाजूने बोलेल. मात्र बँकेने यूपीआय बंद केलं म्हणजे जुने ऑटोपेही रद्द झाले असं धरून चालू नका. बँकेगणिक पद्धत वेगळी असते. ‘माझ्या खात्यावर चालू असलेल्या सगळ्या मँडेटची यादी द्या’ अशी वेगळी मागणी करा. मँडेट म्हणजे पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी.

तिसरं काम म्हणजे दुसऱ्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून गुगल किंवा ॲपल खात्यात शिरून हरवलेला फोन दुरून लॉक करणं. पोलीस तक्रार त्याच दिवशी करा. चोरी लोकलमध्ये किंवा फलाटावर झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जायचं. चोरीला ‘गहाळ’ म्हणून नोंदवून घेऊ नका, कारण खात्यातून पैसे गेल्यावर बँक तक्रारीची प्रत मागते आणि त्यातला शब्द वाचते.

दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम आणलं, फोन लागतो, पण यूपीआय ॲप नोंदणीच घेत नाही. का?

डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावरून एसएमएस जात नाहीत आणि येतही नाहीत. कुणी तुमच्या नावाने खोटं सिम काढलं, तर तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून हा अडसर मुद्दाम ठेवलेला आहे. यूपीआय ॲप मात्र नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. तो जातच नाही, म्हणून नोंदणी अडकते. ॲप पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही. एक दिवस थांबावंच लागतं.

हा दिवस वाया घालवू नका. फोन कॉल चालू असतात, त्यामुळे बँकेच्या ग्राहक सेवेशी बोलता येतं. गुगल खात्यात शिरताना एसएमएसऐवजी कॉलवर कोड मागवण्याचा पर्याय दिसला, तर तो निवडा. नेटबँकिंगला ओटीपी लागत असेल आणि तो येत नसेल, तर शाखेत पासबुक आणि ओळखपत्र घेऊन जा आणि खात्याचा उतारा मागा. पुढच्या शोधाचा पाया हा उताराच आहे.

कुठे कुठे ऑटोपे दिलं होतं, आठवतच नाही. शोधायचं कसं?

आठवणीवर जाऊ नका, उताऱ्यावर जा. आणि उतारा तीन महिन्यांचा नको, १३ महिन्यांचा घ्या. वार्षिक वर्गण्या वर्षातून एकदाच दिसतात, आणि रक्कम त्यांचीच मोठी असते. प्रत्येक बचत खात्याचा आणि क्रेडिट कार्डाचा उतारा वेगळा काढा.

उताऱ्यात तीन प्रकारच्या ओळी शोधायच्या. `UPI` सोबत `MANDATE` किंवा `AUTOPAY` असेल, तर तो यूपीआय ऑटोपे. `ACH` किंवा `NACH` असेल, तर ती बँकेत थेट नोंदवलेली परवानगी: कर्जाचा हप्ता, एसआयपी, विमा. आणि कार्डाच्या उताऱ्यात दर महिन्याला त्याच सुमारास येणारं तेच नाव असेल, तर ते कार्डावरचं ई-मँडेट. शब्द बँकेगणिक थोडे बदलतात, पण तारीख आणि रक्कम पुन्हा पुन्हा तीच येते आहे का, हे पाहिलं तरी बरंच कळतं.

एक किंवा दोन रुपयांच्या व्यवहारांकडे विशेष लक्ष द्या. ‘सात दिवस मोफत’ म्हणणारी पुष्कळ ॲप्स ऑटोपे नोंदवताना एवढीच रक्कम कापतात. दोन रुपये गेले म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण ती परवानगी कदाचित ९९९ रुपयांपर्यंतची असते. फोन जायच्या आधीच्या आठवड्यात अशी ओळ दिसली, तर पहिला मोठा हप्ता अजून यायचा आहे असं समजा.

ईमेलही चाळा. ‘subscription’, ‘renewal’, ‘mandate’, ‘autopay’ हे शब्द टाकून शोधलं की पावत्या वर येतात. घरात जुना ईमेल पत्ता वापरात असेल, तर तोही बघा. मुलांच्या खेळाची किंवा अभ्यासाची ॲप्स बहुतेक वेळा त्यावर सापडतात.

एक उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा, ठाण्याच्या एका शिक्षिकेचा फोन ६ तारखेला संध्याकाळी लोकलमध्ये चोरीला गेला. त्यांनी तासाभरात सिम बंद केलं आणि बँकेला कळवलं. ७ तारखेला दुपारी नवं सिम मिळालं, म्हणजे एसएमएस ८ तारखेच्या दुपारपर्यंत बंद. उतारा काढल्यावर पाच ओळी सापडल्या:

- दर महिन्याच्या ७ तारखेला १९९ रुपये, यूपीआय ऑटोपे, ओटीटी
- दर महिन्याच्या १० तारखेला ३,००० रुपये, एनएसीएच, म्युच्युअल फंडाची एसआयपी
- दर महिन्याच्या १५ तारखेला १३० रुपये, क्रेडिट कार्डावर, गुगलची साठवण जागा
- दर महिन्याच्या २२ तारखेला ४९९ रुपये, उताऱ्यात फक्त ‘गुगल प्ले’ असं नाव
- गेल्या नोव्हेंबरात एकदाच १,४९९ रुपये, व्यायामाचं ॲप, यूपीआय ऑटोपे

ओटीटीचे १९९ रुपये ७ तारखेला गेलेच. त्याची सूचना ६ तारखेलाच चोराच्या हातातल्या फोनवर येऊन गेली होती. त्या वेळी यूपीआय ॲप हातात नव्हतं, त्यामुळे पुढचा महिना थांबवण्यापलीकडे इथे काही करता आलं नाही. ही रक्कम बाईंनी सोडून दिली, आणि ते बरोबरच केलं. आधी पुढचं दार लावायचं असतं.

एसआयपी त्यांनी मुद्दाम चालू ठेवली. ती त्यांच्याच नावावरच्या फंडात जाते, चोराचा तिथे काही लाभ नाही. उलट खात्यात पैसे नसल्याने किंवा मँडेट अडवल्याने हप्ता परत गेला, तर बँक दंड लावू शकते.

४९९ रुपयांचं कोडं मात्र वेळ खाणारं होतं. बाईंच्या गुगल खात्यात अशी वर्गणीच नव्हती. शेवटी मुलाच्या टॅबवर दुसरं गुगल खातं निघालं. इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपची वर्गणी त्या खात्यावर होती आणि पैसे द्यायला आईचं यूपीआय जोडलेलं होतं. उताऱ्यात ॲपचं नाव येत नाही, ‘गुगल प्ले’ एवढंच येतं. म्हणून घरात ज्या ज्या उपकरणावर गुगल खातं आहे, त्या प्रत्येकाची वर्गण्यांची यादी पाहावी लागते.

व्यायामाच्या ॲपचा हप्ता यायला अजून महिने होते, पण ते त्यांनी त्याच आठवड्यात रद्द केलं. नोव्हेंबरात कुणाला आठवणार होतं?

नव्या फोनवर यूपीआय ॲप टाकलं, पण जुने ऑटोपे दिसत नाहीत. मग ते गेले का?

गेले असं समजू नका. बहुतेक वेळा ऑटोपे ज्या ॲपमधून दिलं होतं, त्याच ॲपमध्ये ते दिसतं. जुन्या फोनवर तुम्ही फोनपे वापरत होता आणि नव्यावर गुगल पे टाकलं, तर यादी रिकामी दिसू शकते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२५ मध्ये सगळ्या यूपीआय ॲप्सना सांगितलं की ग्राहकाला इतर ॲप्समधले ऑटोपेही एका जागी पाहता आले पाहिजेत. ही सोय तुमच्या ॲपमध्ये दिसत असेल तर काम सोपं होतं.

दिसत नसेल, तर एक खूण कामाला येते. प्रत्येक यूपीआय ऑटोपेला एक `UMN` क्रमांक असतो. कंपनीच्या ईमेलमध्ये किंवा बँकेच्या यादीत तो सापडतो. त्याच्या शेवटी `@` नंतर जे अक्षर-गट येतात, त्यावरून ॲप ओळखता येतं. `@ybl`, `@ibl` किंवा `@axl` म्हणजे फोनपे. `@oksbi`, `@okhdfcbank`, `@okicici`, `@okaxis` म्हणजे गुगल पे. नुसतं `@upi` म्हणजे भीम. ते ॲप नव्या फोनवर टाका, तोच मोबाइल नंबर आणि तेच बँक खाते जोडा, आणि प्रोफाइलमधल्या `Autopay` विभागात पाहा.

तिथे प्रत्येक परवानगी उघडून ती रद्द करता येते. रद्द करताना यूपीआय पिन मागितला जातो. ‘पॉज’ असाही पर्याय दिसतो. तो ठराविक काळापुरता विसावा आहे, नको असलेल्या वर्गणीसाठी तो वापरू नका. रद्द झाल्यावर स्थिती बदललेली दिसते. तिचा स्क्रीनशॉट `UMN` सकट ठेवा.

हप्ता एकदा फसला म्हणजे सुटलो असंही नाही. खात्यात पैसे नसल्याने मागणी परत गेली, तर कंपनीला त्या एका हप्त्यासाठी आणखी तीन प्रयत्न करता येतात. पगार जमा झाल्या झाल्या जुना ओटीटी हप्ता गेला, अशी तक्रार येते ती यामुळेच.

गुगल प्लेच्या वर्गण्या फोनशिवाय बंद होतात का?

होतात, आणि सिमसाठी थांबावंही लागत नाही. कोणत्याही संगणकावरून तुमच्या गुगल खात्यात शिरा आणि हा पत्ता उघडा:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

चालू वर्गण्या तिथे नावानिशी, पुढच्या तारखेसह दिसतात. प्रत्येकीवर जाऊन रद्द करा. भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते, पुढचा हप्ता जात नाही. खात्याला जोडलेलं कार्ड किंवा यूपीआय काढून टाकणं हे वेगळं काम आहे. वर्गणी रद्द न करता केवळ कार्ड काढायला गेलात, तर आधी दुसरा पर्याय जोडा असं सांगितलं जातं. ॲप फोनमधून काढून टाकल्यानेही वर्गणी थांबत नाही. हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे.

चोराने तुमच्या खात्यातून काही खरेदी केली असेल, तर गुगलकडे अनधिकृत व्यवहार म्हणून तक्रार करायला व्यवहारापासून १२० दिवस असतात. आयफोनवाल्यांनी घरातल्या दुसऱ्या ॲपल उपकरणावर आपल्या खात्याने शिरून वर्गण्या पाहाव्यात. परताव्याची मागणी `reportaproblem.apple.com` वर करता येते.

कार्ड ब्लॉक केलं. आता त्यावरचे सगळे हप्ते थांबले ना?

बहुतेक थांबतात, पण खात्री यादी पाहूनच करा. नेटबँकिंगमध्ये कार्डांच्या विभागात ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन नावाची यादी असते. काही बँका तिथून वेगळ्या पोर्टलवर नेतात. तो दुवा बँकेच्या पानावरूनच उघडा, शोधयंत्रात नाव टाकून नव्हे. परवानगी केव्हाही मागे घेण्याची ऑनलाइन सोय देणं बँकांना बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कंपनीलाच विचारा’ हे उत्तर स्वीकारू नका.

उलट बाजूही लक्षात घ्या. त्याच कार्डावरून वीजबिल किंवा विम्याचा हप्ता जात असेल, तर तोही थांबला असणार. विम्याच्या हप्त्याची तारीख आजच तपासा. पॉलिसी बंद पडणं हे चोरीपेक्षा महाग पडू शकतं.

कर्जाचा हप्ताही ऑटोपेवर आहे. तो रद्द करू का?

नाही. फोन हरवल्याने कर्ज हरवत नाही. एनएसीएचची परवानगी बँकेत `UMRN` या क्रमांकाने नोंदलेली असते आणि नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन ती रद्द करता येते, पण कर्जाच्या बाबतीत तसं केलं तर हप्ता परत जातो, बँक आणि कर्ज देणारी कंपनी दोघे दंड लावू शकतात आणि क्रेडिट स्कोअरवर डाग येतो. तुम्ही न घेतलेल्या कर्जाचा हप्ता दिसला, तर मात्र गोष्ट वेगळी. ताबडतोब बँकेला लेखी कळवा आणि १९३० वर सायबर तक्रार करा.

यूपीआय लाइटमध्ये थोडेच पैसे होते. त्याची काळजी करायची का?

करायची. यूपीआय लाइटची शिल्लक फोनमध्येच असते आणि एक हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला यूपीआय पिन लागत नाही. फोन उघडा सापडला, तर चोराला ती वापरता येते. शिल्लक जास्तीत जास्त पाच हजार, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण तुम्ही ‘ऑटो टॉप-अप’ चालू केलं असेल, तर शिल्लक खाली गेली की बँक खात्यातून ती आपोआप पुन्हा भरते. हीसुद्धा एक परवानगीच आहे आणि लोक तिला ऑटोपेमध्ये धरत नाहीत. बँकेला फोन करताना ‘यूपीआय लाइट आणि त्याचं ऑटो टॉप-अप बंद करा, शिल्लक खात्यात परत द्या’ हे वाक्य जसंच्या तसं म्हणा.

रद्द केल्यावरही पैसे कापले. ते परत मिळतात का?

ते परवानगी कुणी दिली होती यावर ठरतं. तुम्ही स्वतः दिलेल्या ऑटोपेचा हप्ता रद्द करण्याआधी गेला असेल, तर बँकेच्या दृष्टीने तो अधिकृत व्यवहार आहे. परतावा द्यायचा की नाही ते कंपनी ठरवेल. तिला फोन चोरीची तारीख आणि तक्रारीची प्रत पाठवा. वापर झालेला नसेल तर काही कंपन्या पैसे देतात.

रद्द केल्यानंतर पैसे गेले, किंवा फोन गेल्यानंतर कुणी नवी परवानगी नोंदवली, तर ती अनधिकृत वसुली आहे. उताऱ्यातली ओळ, रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि `UMN` जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा, शक्यतो तीन कामकाजाच्या दिवसांत, कारण जबाबदारी ठरवताना हे दिवस मोजले जातात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही.

बाबांचा फोन गावाला चोरीला गेला आणि मी बाहेरगावी आहे. इथून काय करता येईल?

बरंच काही. सिम बंद करण्यासाठी फोन तुम्ही करू शकता, पण कंपनी ओळख पटवणारे प्रश्न विचारते, त्यामुळे बाबांना दुसऱ्या फोनवरून कॉलवर जोडून घ्या. गुगल खात्याचं काम तुमच्या लॅपटॉपवरून होतं. अडतं ते सिमपाशी. पुष्कळ घरांत आईवडिलांचं सिम मुलाच्या किंवा जावयाच्या आधारवर घेतलेलं असतं, आणि डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. बाबांना उन्हात मोबाइल कंपनीच्या गॅलरीत पाठवण्याआधी सिम कुणाच्या नावावर आहे ते कंपनीला विचारा.

बँकेच्या शाखेत मात्र बाबांनीच जाणं बरं. सोबत एक चिठ्ठी द्या: मँडेटची यादी हवी, १३ महिन्यांचा उतारा हवा, यूपीआय लाइट बंद हवं, ईमेल सूचना चालू हव्यात. काउंटरवर गडबडीत निम्मं विसरलं जातं.

सिम पोस्टपेड होतं. वापरात नसताना बिल येत राहील का?

सिम तात्पुरतं बंद असलं तरी प्लॅनचं भाडं लागू शकतं, म्हणून डुप्लिकेट सिम लवकर घ्या किंवा प्लॅन थांबवायला सांगा. बिलात कॉलर ट्यून, गेम, क्रिकेट असल्या सेवा दिसल्या, तर नव्या सिमवरून १५५२२३ ला फोन करून त्या बंद करता येतात.

आठवड्याने फोन परत मिळाला. जुनं सगळं पुन्हा चालू होईल का?

रद्द केलेली परवानगी आपोआप परत येत नाही. जी सेवा हवी असेल, तिला नव्याने ऑटोपे द्यावं लागतं. फोनमधलं जुनं सिम मृत झालेलं असतं, नवं सिम घालून यूपीआय ॲपची नोंदणी पुन्हा करावी लागते. त्याआधी फोन पूर्णपणे पुसून घ्या, कारण मधल्या दिवसांत त्यात कुणी काय टाकलं ते बाहेरून दिसत नाही. सीईआयआरवर आयएमईआय ब्लॉक केला असेल, तर त्याच संकेतस्थळावर विनंती क्रमांक देऊन तो उघडून घ्यावा लागतो, नाहीतर नवं सिमही त्या फोनमध्ये नेटवर्क पकडत नाही.